टीव्हीतली सगळी शून्यं

पोनोरोगो शहराजवळच्या त्या गावात टीव्ही बिघडला की लोक आधी त्याच्या पाठीत धपाटा घालत, मग नशिबाला बोल लावत आणि शेवटी सुकिरानकडे येत. उमेदीची सगळी वर्षं त्याने जाडजूड पेटीच्या टीव्हींत घालवली. चपटे टीव्ही आले तेव्हा त्याच्या मिशा पिकल्या होत्या, तरी गडी नव्याने शिकला. गाव त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणे. हल्ली मात्र त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. गावाला ते ठाऊक नव्हतं, बायकोला होतं.

गावातल्याच मार्सिहबाईचा फोन आला तेव्हा तो भात खात होता.

"कांग, वायफायवर जाताच येत नाही रे! ती ओळ राखाडी झालीय. शेजारच्या पोराने आत कुठेतरी बघितलं, तर म्हणे हार्डवेअर पत्त्यात नुसती शून्यं आहेत."

सुकिरानने ताट बाजूला सारलं. याच टीव्हीत त्याने गेल्या महिन्यात पडद्यामागचे दिवे बदलले होते. त्यासाठी वायफायचं छोटं मॉड्यूल आपल्याच हाताने सोडवून पुन्हा बसवलं होतं. पत्त्याच्या जागी शून्यं म्हणजे टीव्हीला आपलं मॉड्यूल दिसतच नाही. एकतर ते मेलंय, नाहीतर त्याला बोर्डाशी जोडणारी तारांची पट्टी नीट बसलेली नाही.

"माझ्याच हाताने घात केला," तो बायकोला म्हणाला. "तसं निघालं ना तुमिनी, तर हे सगळं सामान भंगारवाल्याला देऊन टाक. मी पुन्हा कुणाच्या टीव्हीला हात लावणार नाही."

"इतके दिवस चाललाच ना तो?"

"अर्धवट बसलेली पट्टी मागाहून सुटते."

फुटक्या पडद्याचा तसाच एक टीव्ही कोपऱ्यात पडला होता. सुकिरानने त्याचं मॉड्यूल काढून खिशात टाकलं आणि सायकलवर टांग मारली.

मार्सिहची लेक तैवानात एका म्हाताऱ्याची देखभाल करते. दर रविवारी ती फोनवर दिसते आणि मार्सिह तो फोन टीव्हीला जोडून लेकीला भिंतीएवढी करते. आज रविवार होता.

"बटणं दाबून दाबून बोटं झिजली," मार्सिह म्हणाली. "पासवर्ड पुन्हा टाकणार तरी कुठे? ती ओळ हलेचना."

तिच्या फोनवर नेट छान चालत होतं. सुकिरानने टीव्हीची पिन काढून ठेवली, थोडं थांबून पुन्हा लावली. शून्यं जागची हलली नाहीत. राउटर होता त्या शेजारच्या घरातून वायर ओढून जोडली, तर नेट लगेच आलं. म्हणजे मुख्य बोर्ड धडधाकट होता.

"मग राहू दे की वायर!"

"अंगणातून? तुझ्या कोंबड्या त्यावर झोके घेतील."

सुकिरान तिला रिमोटमध्ये बोलून बघ म्हणाला, तर तेही बंद. रिमोटचा आवाज ज्यावरून जातो ते ब्लूटूथ त्याच मॉड्यूलवर असतं. आता शंकेला जागाच उरली नाही. मार्सिहने टीव्हीवरचं विणलेलं झाकण बाजूला केलं. तिच्या घरात उंची वस्तू उघडी ठेवत नाहीत. हे झाकण तर मागून पार खाली लोंबायचं.

सुकिरानने टीव्ही गादीवर पालथा घातला. स्क्रू काढताना हात इतका थरथरला की त्याने डाव्या हाताने मनगट धरलं. मार्सिहने ते पाहिलं आणि नजर वळवली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागचं कव्हर निघालं. त्याने टॉर्च मारला. पट्टी पार आतपर्यंत गेली होती, खटका घट्ट लागलेला, जसा त्याने लावला होता तसा. आणि मॉड्यूलवर आडवी पडली होती एक पाल. वाळून पापड झालेली. तिच्याखालची जोडणी हिरवी पडून खाल्ली गेली होती.

"ये, बघ तुझा पाहुणा!" सुकिरान ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

"अगं बाई! आत कशी गेली?"

"ऊब आहे, अंधार आहे, वर तू पडदा लावून दिलास. आणखी काय हवं तिला?"

मार्सिहने झाकणाची घडी करून बुडाखाली घेतली. "बसते आता यावर," ती म्हणाली.

त्याने जागा घासून कोरडी केली, खिशातलं मॉड्यूल बसवलं, पट्टी सरकवली, खटका लावला. हात थरथरतच होता. तरी खटका लागला. टीव्ही लावल्यावर शून्यांच्या जागी खरेखुरे आकडे आणि अक्षरं आली, वायफायची ओळ उजळली, खाली सगळ्या शेजाऱ्यांची नावं. दुपारी लेक भिंतीएवढी होऊन विचारत होती, "आई, झाकण कुठे गेलं?"

सुकिरान घरी आला तेव्हा टेबलावर डाग द्यायचा कैया, पक्कड, टेस्टर, सगळं पुसून जागच्या जागी लावलेलं होतं.

"पाल होती!" तो दारातूनच म्हणाला. "माझा हात नव्हता."

"बरं झालं. भंगारवाला येऊन गेला."

त्याचा चेहरा उतरला. "मग?"

"सांगितलं त्याला, आमच्या घरात भंगार नाही."

"पण मी तर अजून आलोही नव्हतो. तुला कसं कळलं?"

"कुठे काय कळलं होतं?" तुमिनी म्हणाली आणि त्याचा अर्धा राहिलेला भात गरम करायला आत गेली.