वर वीस, खाली सत्तर

कागदाच्या कारखान्यात कुजबुज अशी होती, की मिस्त्रीनं बेअरिंग मुद्दाम जळू दिलं. मुकादमाची जागा भलत्यालाच मिळाली, तो राग त्यानं पोटात ठेवला आणि मशीनवर काढला. ही कुजबुज पहिल्यांदा कुणी केली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण चहाच्या टेबलावर ती रोज नवे कपडे घालून यायची. सोमवारी मिस्त्रीनं बेअरिंगकडे दुर्लक्ष केलं होतं, बुधवारी तो बघत उभा होता, आणि शनिवारपर्यंत तर तो बघत उभा राहून हसत होता.

लोकांचा तरी काय दोष म्हणा! मिस्त्रीला ऐकू आलं नसेल, असं म्हणायची सोयच त्यानं ठेवली नव्हती. अठ्ठावीस वर्षं त्याची ख्यातीच कानाची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाशी धरायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "ग्रीस संपलंय," किंवा "ह्याच्या आत गोळी फुटलीय, रविवारी उघडा." रविवारी उघडलं की गोळी फुटलेलीच निघायची. नवी पोरं त्याला 'कानसेन' म्हणायची, तोंडावर 'मिस्त्री'. साहेब लोक पाहुणे आले की त्याला मुद्दाम बोलावून घेत. तोही मग जरा जास्तच वेळ डोळे मिटून उभा राही. नाटक करायला कुणाला आवडत नाही?

घरी मात्र कानसेनाची किंमत वेगळी होती. बायको म्हणे, "लोखंडाचं सगळं ऐकू येतं, माझंच तेवढं येत नाही. मी काय गंजलेय का?"

"अगं, तू तोंडातल्या तोंडात बोलतेस."

"शेजारणीला भिंतीपलीकडून कळतं, आणि तुम्हाला तोंडातल्या तोंडात!"

मिस्त्री यावर हसून मान डोलवायचा. हल्ली तो पुष्कळदा हसून मान डोलवायचा. प्रश्न होता की तक्रार, हे त्यातून कळत नसलं तरी समोरचा माणूस बोलायचा थांबायचा, आणि तेवढं पुरत होतं.

घडलं ते भर दुपारी. ओला कागद वाळवणाऱ्या भागात, गरम रुळांच्या रांगेत, कागदाला वळण देणाऱ्या एका वाटाड्या रुळाचं बेअरिंग कोरडं पडलं आणि किंचाळायला लागलं. साधं नव्हे, दात शिवशिवतील असं. फाटकाजवळच्या झाडूवालीनं कानात बोटं घातली म्हणे. मिस्त्री तिथून तीन हातांवर शेजारच्या पंपाचे नट आवळत होता. मशीनवर जी ताई होती, तिनं तोंडावरच्या फडक्यातून त्याला हाक मारली. दोनदा मारली. मग रूळ अडकला, कागद गोळा झाला, आणि तो ओढायला गेलेल्या ताईचा तळहात तापलेल्या लोखंडाला चिकटला.

तळहाताची कातडी गेली. आता चौकशी बसली.

चौकशीचा साहेब सभ्य माणूस. त्यानं मिस्त्रीची फाइल उघडली आणि एकेक कागद टेबलावर पसरला. कारखान्यात वर्षातून एकदा सगळ्यांच्या कानांची तपासणी होई. दहा वर्षांचे दहा आलेख. दहाही आलेखांत रेघ अगदी वर, पाण्यावर तरंगणाऱ्या काठीसारखी आडवी, आणि प्रत्येकाखाली शेरा, 'श्रवण उत्तम'. साहेबानं शेरे वाचले.

"कान तर उत्तम आहेत तुमचे, मिस्त्री. मग ऐकू का आलं नाही?"

 त्या दहा काठ्या कशा तरंगल्या, ते जगात एकट्या त्यालाच माहीत होतं.

जुना कंपाउंडर तपासणी घ्यायचा. मिस्त्री काचेच्या खोलीत डोक्याला हेडफोन लावून बसायचा, आणि कंपाउंडरच्या मागे औषधांचं काचेचं कपाट होतं. त्या काचेत कंपाउंडरचा, सूर सोडायच्या बटणावरचा अंगठा दिसायचा. अंगठा दबला की बोट वर करायचं. पहिल्या वर्षी हे नकळत झालं. आवाज आला की नाही अशी शंका होती, अंगठा हलला आणि बोट आपसूक वर गेलं. पुढच्या वर्षी आपसूक गेलं नाही, त्यानं नेलं. परीक्षा म्हटली की पास व्हायचं, एवढंच त्याला ठाऊक. नापास झालेल्यांना मशीनवरून काढून गोदामात पाठवतात, हेही ठाऊक. मग खालावत गेलेल्या कानाची त्यानं हाताशी गाठ घालून दिली. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावायचा, पण थरथर ओळखायची मुठीनं. जड, घोगरी घरघर कानाला कळायची, बाकीचं तळहात सांगायचा. लोकांना वाटायचं, कान.

साहेबानं नवी तपासणी सांगितली, बाहेरच्या दवाखान्यात. तपासणारी बाई तरुण होती, पण खमकी. तिनं आधीच बजावलं होतं, सुट्टीचा अख्खा दिवस शांततेत काढायचा आणि पाळीवर जायच्या आधी यायचं. गोंगाटातून उठून आलेला कान खरं सांगत नाही. कानात दिवा घालून तिनं आधी आत पाहिलं.

"मळ असेल हो," मिस्त्री आशेनं म्हणाला.

"मळ नाही, काका. आरशासारखा आहे."

मग तिनं त्याची खुर्ची फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं. मिस्त्रीची नजर काच शोधू लागली. भिंतीला काच नव्हती. ऐकू आलं की बटण दाबायचं. ढोलासारखे जाड सूर आले, दाबलं. मग सूर बारीक होत गेले, आणि मग काहीच येईना. बराच वेळ येईना. खोली इतकी शांत की त्याला वाटलं बाई चहाला गेली. ती गेली नव्हती. एकामागून एक सूर सोडत होती आणि दर वेळी आवाज वाढवत होती. सगळं तिनं पुन्हा एकदा केलं. कानामागच्या हाडावर एक छोटं कंप देणारं यंत्र लावून तिसऱ्यांदा केलं.

नंतर तिनं कागद समोर ठेवला. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या.

"काका, आडवं बघा. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे जाल तसा बारीक. डावीकडे ढोल, उजवीकडे शिट्टी. आता उभं बघा, आणि इथेच सगळे फसतात. वर म्हणजे हळू आवाज, खाली म्हणजे मोठा. खूण जितकी खाली, तितका आवाज मला वाढवावा लागला. वर असणं चांगलं, खाली जाणं वाईट."

मिस्त्रीनं बोट ठेवलं. डावीकडे, अडीचशे, पाचशे, हजार हर्ट्झवर, गोल वर होते, दहा-पंधरा-वीस डेसिबलच्या आसपास.

"इथे ठीक?"

"उत्तम. म्हणून तुम्हाला वाटतं ऐकू येतं. दोन हजारावर चाळीस. आणि इथे, चार हजारावर, बघा कुठे गेलाय."

तिथे रेघ खड्ड्यात पडली होती. सत्तर. डावा कान पंचाहत्तर. आठ हजारावर थोडी वर येत होती, जणू विहिरीतून कुणी हात बाहेर काढावा.

"हा खड्डा गोंगाटाचा. वर्षानुवर्षं मशीनजवळ राहिलेल्यांना नेमका इथे पडतो. आणि हाडातून तपासलं तरी तोच आला, म्हणजे बिघाड बाहेर नाही, आतल्या कानातल्या पेशींत. बोलण्यातला 'आ', 'ओ' डावीकडे असतो, तो तुम्हाला येतो. 'स', 'त', 'क' उजवीकडे. कुणी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. बरोबर?"

मिस्त्रीला घरातलं जेवणाचं टेबल आठवलं. तो हसून मान डोलवायला लागला, मग थांबला.

"औषध?"

"नाही."

"ऑपरेशन?"

"याला नाही. मशीन लावता येईल, थोडं सोपं होईल. पण गेलेल्या पेशी परत येत नाहीत." ती कारखान्यानं पाठवलेली फाइल चाळत होती. "दहा वर्षांपूर्वी चार हजारावर बारीकशी खाच दिसली असती ना, तर कानाला संरक्षण सक्तीचं झालं असतं, जागा बदलली असती. इथे तर सगळं सरळ आहे. विचित्रच आहे हे."

मिस्त्रीनं विचित्र का आहे ते सांगितलं नाही. घरी जाईपर्यंत त्या सरळ काठ्या मात्र त्याच्या डोक्यात एकेक करून बुडत राहिल्या.

चौकशीच्या खोलीत साहेबानं नवा आलेख हातात घेतला. यावर शेरा नव्हता, नुसत्या खुणा; त्या बघून त्याचा चेहरा उजळला.

"अरे वा! बारीक आवाजांना रेघ एकदम खाली. म्हणजे अगदी हळू आवाजसुद्धा तुम्हाला ऐकू येतो. मिस्त्री, बेअरिंगची किंकाळी तर तुम्हाला सगळ्यात आधी ऐकू यायला हवी होती!"

गंमत बघा. माणूस शिकलेला, कागद उलटा नव्हता, वाचणंच उलटं होतं. आणि खोलीत तो कागद सरळ वाचू शकणारा एकच माणूस होता, तो आरोपी.

गप्प बसला तर मुद्दाम जाळल्याचा शिक्का. बोलला तर दहा वर्षांची लबाडी आणि गोदाम. मिस्त्री उठला, टेबलाशी गेला आणि साहेबाच्या कागदावर त्याच बाईसारखं बोट ठेवलं.

"साहेब, खाली म्हणजे मोठा आवाज लागतो. मशीनच्या गोंगाटात मला ती किंकाळी नव्हती येत."

"मग हे आधीचे दहा?"

"ते मी कपाटाच्या काचेत बघून दिलेत."

साहेबानं बराच वेळ पेन टेबलावर आपटलं. कंपाउंडर केव्हाच निवृत्त झाला होता. दहा वर्षांचे कागद खोटे म्हणायचे, तर बाकीच्या दोनशे माणसांचेही उघडायचे. साहेबानं फाइल मिटली. त्यानं लिहिलं ते एवढंच : श्रवणक्षमता अपुरी, गोदामात बदली. मुद्दाम केलं नाही, असं लिहायला तो विसरला की त्यानं टाळलं, देव जाणे. फलकावर फक्त बदली लागली, आणि चहाच्या टेबलानं तिचा अर्थ 'शिक्षा' असा लावला.

मिस्त्री आलेखाची प्रत घेऊन ताईच्या घरी गेला. तिच्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. त्यानं कागद पसरला, ढोल आणि शिट्टी सांगितली, वर आणि खाली सांगितलं. ती ऐकत होती, बघत मात्र त्याच्या तोंडाकडे होती. मग बोलली. या वेळी तोंडावर धुळीसाठी बांधलेलं फडकं नव्हतं, म्हणून ओठांवरून त्याला शब्द लागले.

"मला रेघा कळत नाहीत, मिस्त्री. मी दोनदा ओरडले. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत, मान डोलावलीत आणि हसलात."

"मला वाटलं, तू काहीतरी गमतीचं म्हणतेयस."

"बेअरिंग ओरडत होतं. मी ओरडत होते. त्यात गंमत कुठली?"

त्याच्याकडे उत्तर होतं, ते तिच्या मांडीवर पसरलेलं होतं, आणि तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. तिनं निरोगी हातानं कागदाची घडी घातली आणि परत दिला. त्यानंतर ती काहीतरी हळू बोलली. ते त्याला कळलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही, आणि हसायचीही.

कुजबुज अजून चालू आहे. खरं एवढंच आहे : दोघं ओरडली, बेअरिंग आणि ताई, आणि मिस्त्रीला बेअरिंग ऐकू आलं नाही, ताईचे शब्द कळले नाहीत. कळलं नाही की तो हसायचा, म्हणून हसला.