सात दिवसांची रीच

गडचिरोलीच्या आमच्या छोट्या संस्थेत मी सोशल मीडियाचे आकडे सांभाळतो. धानोऱ्याकडची एक बाई गावोगाव फिरून मोहफुलांचे, रानभाज्यांचे व्हिडिओ करते. तिचं काम सहा महिन्यांच्या करारावर होतं. करार पुढे वाढवायचा की नाही, हे माझ्या तक्त्यावर ठरणार होतं.

आधी दर सोमवारी ॲपमधून फॉलोअर, सात दिवसांची रीच आणि लाइक-कमेंट-शेअरची बेरीज मी हाताने उतरवत असे. त्याचा कंटाळा येऊन ॲपमधले आकडे थेट ओढून आणणारा एपीआय जोडला. सोमवारी सकाळी आकडे आपोआप शीटमध्ये पडू लागले आणि मी हवेत गेलो.

मग घोळ सुरू झाला. फॉलोअर वाढत होते, लाइक-कमेंट तेवढेच होते, रीच तर दुपटीच्या वर गेली होती. पण रीचच्या तुलनेत प्रतिसादाची टक्केवारी अर्ध्याहून खाली! एपीआयची किल्ली म्हणजे टोकन बदललं, सूत्र तपासलं, स्वतःवरच चिडलो. सगळं बरोबर दिसत होतं, हीच खरी पंचाईत होती. सहा आठवडे मी तीच टक्केवारी वर पाठवली. शेवटी संस्थेचे प्रमुख सर म्हणाले, "बाईंचं काम घसरलंय. पुढचा करार राहू द्या."

हे तिला सांगायचं माझ्या वाट्याला आलं. मी सरळ शीटच तिच्यापुढे ठेवली.

ती बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिली. "भाऊ, हे रीच म्हणजे काय?"

"किती वेगवेगळ्या लोकांनी पाहिलं ते."

"अन् आठवड्याची कशी काढली?"

"रोजची येते. सात दिवसांची बेरीज केली."

"माही सासू रोज पाहते. मंग तिले सात सासवा धरल्या का? मले एकच पुरते ना जी!"

मला हसूही येईना. रोजची रीच त्या त्या दिवसापुरती वेगळी माणसं मोजते. तोच माणूस उद्या आला की पुन्हा धरला जातो. म्हणजे तिचे प्रेक्षक जितके नेमाने येत होते, तितकी माझ्या शीटमध्ये ती खाली जात होती. "तपासून कळवतो," एवढंच तिला म्हणून मी त्याच सात दिवसांचा, एक माणूस एकदाच धरणारा, एकच एकूण आकडा मागवला, मागचे आठवडेही तसेच पुन्हा मागवले. टक्केवारी होती तिथे परत आली. एपीआयला दोष द्यायचा मोह झाला होता, पण सरांकडे जाऊन चूक माझी म्हणून सांगितली. करार वाढला.

ते सांगायला दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. ती आनंदेल असं वाटलं होतं.

"तुमच्या कागदाचं सोडा, भाऊ," ती म्हणाली. "पण काल रात्रभर मले वाटलं, लोकं माह्या तोंडाले कंटाळले. सकाळी सासूलेही म्हटलं, आता नको पाहू."