सुजलेला पाय यांचा होता

पंचवटीत भाजी घेऊन आम्ही स्कूटरवर बसलो आणि स्कूटर आडवी झाली. ती चालू नव्हती, जागेवरच होती. तरी आम्हा दोघांचे डावे पाय आत वळले. यांचा घोटा संध्याकाळपर्यंत दुधी भोपळ्याएवढा सुजला. माझा थोडासा भरून आला होता. सुजेवरून घरात लगेच ठरलं की पाय यांचा मोडलाय आणि मला काही झालेलं नाही.

दोन दिवस मी आंबेहळद-तुरटीचा लेप गरम करून यांच्या पायाला लावला. माझ्या पायाला लावायचं मनातही आलं नाही. मला एकाच गोष्टीची काळजी होती. ठाण्याला असलेल्या लेकीचे दिवस तीन आठवड्यांत भरत होते. डॉक्टरांनी तिला प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून बाळंतपणाला मीच जाणार होते. यांचं हाड मोडलं असेल तर यांना एकटं टाकून जाणं शक्य नव्हतं. नुसतं मुरगळलं असेल तर मी मोकळी होते. नवऱ्याचा पाय नुसता मुरगळलेला असू दे, म्हणून मी मनापासून प्रार्थना केली. त्यात प्रेम किती होतं आणि सोय किती, ते विचारू नका.

तिसऱ्या दिवशी इंदिरानगरच्या हाडांच्या दवाखान्यात गेलो. यांना व्हीलचेअर मिळाली. ढकलली मी.

डॉक्टरांनी पाय दाबून पाहिला आणि चार पावलं चालायला सांगितलं. यांनी दीड टाकलं.

"एवढी सूज आहे, मोडलंच असणार ना?" मी विचारलं.

"काकू, सूज एवढंच सांगते की आत इजा झालीय. हाडं बांधून ठेवणारा पट्टा फाटला तरी पाय असाच फुगतो, हाडाला चीर गेली तरी फुगतो. कधी चीर असते आणि सूज नावालाच असते. एक्स-रे काढून बघू."

एक्स-रेच्या खोलीतल्या बाईंनी यांचा पाय बघून कपाळाला हात लावला. "लेप धुऊन आणा आधी. फोटोत त्याची सावली येते."

वाळलेला लेप सहजासहजी निघत नाही. मोरीत उकिडवी बसून मी यांचा पाय चोळत होते आणि हे "हळू, हळू" करत होते. धुऊन झाल्यावर उठायला गेले, तर डाव्या पायावर भारच देता येईना. भिंत धरून उठले. दारातून त्या बाई बघत होत्या.

"तुमच्या पायाला काय झालंय?"

"काही नाही. त्यांच्याबरोबरच पडले."

"म्हणजे झालंय," म्हणाल्या आणि डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी माझ्या बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड अंगठ्याने दाबली. मी ओरडले. हे दचकले.

"चालता येत होतं मला," मी म्हणाले, जणू त्याने सुटका होईल.

"काहींना येतं. पण नेमकं हाडावर दुखतंय, तेव्हा तुमचाही फोटो काढायचा."

दोघांच्या घोट्यांचे तीन-तीन फोटो काढले, समोरून, बाजूने आणि पाय जरा आत वळवून. डॉक्टरांनी ते पडद्यावर शेजारी शेजारी लावले. यांची हाडं शाबूत होती. माझ्या बाहेरच्या हाडाच्या टोकाजवळ एक तिरकी बारीक रेघ होती.

"काकांचा मुरगळलाय. बर्फ, पट्टी, हळूहळू चालायचं. काकूंचं हाड मोडलंय. सांधा सरकलेला नाही म्हणून ऑपरेशन नको. पण असंच चालत राहिला असतात तर हाड सरकायची भीती होती. सहा आठवडे प्लॅस्टर."

सहा आठवडे. मी बोटांवर मोजलं, दोनदा. बाळ तोवर तीन आठवड्यांचं झालेलं असणार होतं.

प्लॅस्टरची तयारी होत होती, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, बाबांचं हाड?"

"शाबूत आहे. मुरगळलाय फक्त."

"सुटले गं बाई! मग तू येतेस."

"नाही येता येणार. माझं मोडलंय."

"कधी?"

"परवाच. त्यांच्याबरोबर."

"मग इतके दिवस तू चालत होतीस?"

"बाबांचा पाय सुजला होता ना."

मग तिने अगदी हळू विचारलं, "आई, दुखलं नाही तुला?"

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आलं ते दुसरंच. "दुखलं गं. खूप दुखलं," मी म्हणाले. हे शेजारीच बसले होते.