प्रश्न सतरावा

तिला सगळे केबलताई म्हणत. अठरा वर्षं शिडी खांद्यावर टाकून तिनं घरोघरी टीव्हीच्या वायरी ओढल्या होत्या. डिप्लोमा झाला तर सुपरवायझर होता येणार, म्हणून चाळिशीत ती लेकीच्या वयाच्या पोरांशेजारी बाकावर बसली. मागच्या तोंडी परीक्षेत घसा कोरडा पडला, शब्द फुटेना, आणि नापास झाली.

या खेपेला तिनं सरांची नमुना उत्तरांची वही घोटून काढली. ती भांडी घासायची, लेक प्रश्न विचारायची. अडायची ती फक्त सतराव्यावर.

“कोअॅक्सियल केबलचा कॅरॅक्टरिस्टिक इम्पिडन्स, म्हणजे तिचे ओहम, कशावर ठरतो? उत्तर, लांबीवर. आई, इथेच कशी गं अडतेस?”

“माझा हात नाही म्हणतो.”

“हाताला मार्क नसतात!”

परीक्षेच्या खोलीत टेबलावर केबलचा तुकडा आणि लहरी वाहून नेणारं पितळी वेव्हगाइड ठेवलं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई समोर, शेजारी खुद्द सर. तिच्या आधीचे तिघे पडेल चेहऱ्यानं बाहेर आले होते.

बाईंनी वेव्हगाइड पुढे सरकवलं. “यातून बॅटरीचा करंट पाठवता येईल?”

“नाही. ही पोकळ नळी. आत दुसरी तार नाही. ठराविक फ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे कटऑफच्या, वरच्याच लहरी जातात. रुंद बाजू जेवढी मोठी, तेवढा कटऑफ खाली.”

“बरं. ही पंचाहत्तर ओहमची केबल मधोमध कापली. आता किती?”

सतरावा! वहीप्रमाणे साडेसदतीस. वही लिहिणारा माणूस दोन हातांच्या अंतरावर बसलेला, अर्धे गुण त्याच्याच हातात. पुन्हा तोच कोरडा घसा.

तिनं केबल उचलली. टोकाशी अंगठा टेकला आणि जीभ सुटली.

“पंचाहत्तरच. मधली तार किती जाड, वरची जाळी किती रुंद आणि मधलं प्लास्टिक कसलं, यावर ते ठरतं. लांबी वाढली की सिग्नल मरतो, ओहम बदलत नाहीत. म्हणूनच टोकाला जे जोडायचं तेही पंचाहत्तर ओहमचंच हवं. नाहीतर सिग्नल उलटा फिरतो, पडद्यावर दुहेरी चित्र येतं.”

“मग आधीच्या तिघांनी साडेसदतीस का सांगितलं?”

तिनं सरांकडे पाहिलं नाही. “मला नाही माहीत, बाई.”

सरांची कानशिलं लाल झाली.

“मॅडम,” ते म्हणाले, “वही माझी आहे. चूकही माझीच. त्या पोरांना परत बोलवा. त्यांना दुसरा प्रश्न विचारा.”

बाईंनी चष्मा पुसला आणि होकारार्थी मान हलवली.

दाराबाहेर येऊन ती त्या तिघांना म्हणाली, “जा रे आत, बोलावलंय. घाबरू नका.” मग लेकीला फोन लावला. “झालं गं,” एवढंच बोलली आणि मग तिला रडूच आवरेना.