चौकशी

लातूरला घराच्या पुढच्या खोलीत मी आठवी ते दहावीच्या गणिताचा क्लास सुरू केला, तेव्हा नांदेडच्या मोठ्या क्लासमधली नोकरी सोडली होती. जूनअखेर बॅच उभी राहिली नाही तर मुलाला घरी ठेवून पुन्हा नांदेडला खोली घेऊन राहायचं, असं ठरलं होतं.

सुरुवातीला मी इन्स्टाग्रामच्या मागे लागले. महिन्यात हजार फॉलोअर्स झाले नि मी हरखून गेले. पण त्यात पुण्याच्या मैत्रिणी, जुने विद्यार्थी आणि दुसरे क्लासवालेच होते. आमच्या खोलीत यायला त्यातलं कोण रिकामं होतं? मग नवऱ्यानं सुचवलं, फॉलोअर्स सोड, चौकशा मोज. पालकानं स्वतः येऊन किंवा फोन करून इयत्ता, वेळ विचारली तरच ती चौकशी. दहा आल्या तर तीन-चार पोरं बसतील, तेवढी पहिल्या बॅचला पुरे. जूनचं ध्येय दहाच ठेवलं, दिवाळीनंतर नवी मुलं क्वचितच येतात म्हणून तेव्हा त्याहून कमी धरायचं. मी सकाळी शाळांच्या फाटकांवर पत्ता छापलेली पत्रकं वाटायला लागले.

निम्मा जून सरला, चौकशा दोनच. आता मला खरंच भीती वाटायला लागली. एवढं लहान ध्येयही आपल्याला झेपत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं वाटायचं. जेवताना एकच विषय असायचा, आज चौकशी आली का? किल्लारीहून राहायला आलेल्या सासूबाई घास हातात धरून ऐकत बसायच्या.

एकदा भाजीच्या गाड्यावर गल्लीतल्या एका बाईनं विचारलं, "क्लास बंद केला का? तुमच्या सासूबाई तसं म्हणाल्या."

घरी येऊन विचारलं तर सासूबाई रडायलाच लागल्या. मी बाहेर असताना चार-पाच जण दारात येऊन म्हणाले होते, "क्लासची चौकशी करायची होती." प्रत्येकाला त्यांनी क्लास बंद हाय म्हणून परत पाठवलं होतं.

"तुझ्या सासऱ्याला सोसायटीच्या पैशाच्या चौकशीला नेलं होतं पोरी," त्या म्हणाल्या. "काही निघालं न्हाई, पर माणूस परत बोलला न्हाई. तुम्ही रोज म्हणून राहिले, चौकशी आली का, चौकशी आली का. मला रातीला झोप न्हाई."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आमच्या घरात माझ्याहून जास्त घाबरलेलं माणूस रोज माझ्याच ताटाशेजारी जेवत होतं.

आलेल्यांपैकी भाजीच्या गाड्यावरची ती एकच बाई ओळखीची होती. संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. सासूबाईंनी पदर सावरला, दार वाजवलं आणि त्या बाईला म्हणाल्या, "पोरीच्या क्लासची चौकशी करायला या बाई. मीच दार उघडते."