चारने गुणताना

सुलक्षणा माझी नणंद. धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवते. करारावर. दर जूनमध्ये नव्या करारावर सही, आणि जून येईपर्यंत जिवाला घोर. लग्न केलं नाही. "वहिनी, वर्गात दीडशे पोरं सांभाळते, घरी अजून एक कशाला?" असं हसत म्हणते, आणि विषय संपवते. सकाळी माझी देवपूजा चाललेली असते तेव्हा ती देवघराच्या बाजूला बसून वह्या तपासते. मी घंटी वाजवते, ती मान वर न करता हात जोडते. तिची तेवढीच भक्ती. पण खोटं तिला सहन होत नाही, म्हणून देवघरातल्या माझ्या देवीमाउलीला ती माझ्याइतकीच आवडत असावी, असं मला वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या हातून एक चूक झाली.

परीक्षेचे प्रश्न पोरं पाठ करतात. जुने पेपर मोबाईलवर फिरतात. म्हणून पेपर काढताना सुलू जुना प्रश्न घेते आणि त्यात थोडा बदल करते. त्या वर्षी तिने शंकरपाळीच्या आकाराचा प्रश्न घेतला. एक्स आणि वाय यांची चिन्हं बाजूला ठेवून बेरीज एकपर्यंत, असा तो भाग. चारही टोकं अक्षांवर, प्रत्येकी मध्यापासून एक अंतरावर. त्या भागावर दुहेरी संकलन, म्हणजे डबल इंटिग्रेशन, करायचं. आदल्या वर्षी आत एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग होता. अक्षांनी पाडलेल्या चारही चरणांत ते सारखंच, म्हणून पहिल्या चरणातलं उत्तर काढून चारने गुणलं की झालं. या वेळी तिने एक्सवरचा वर्ग काढून टाकला. नुसता एक्स, अधिक वायचा वर्ग. पण नमुना उत्तरात पद्धत तीच राहिली: पहिलं चरण, गुणिले चार. तिचं उत्तर आलं एक.

पेपर तपासून झाले, उत्तरपत्रिका दाखवायचा दिवस आला. त्या संध्याकाळी सुलू घरी आली ती चिडूनच. मी भाकरी थापत होते. सासूबाई, त्यांना आम्ही अक्का म्हणतो, दाराशी बसून लसूण सोलत होत्या.

"एक पोरगी आली होती, समीक्षा. पिंपळनेरची," सुलू म्हणाली. "तिचा हा विषय मागचा राहिलाय. आता गेला तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही. घरून सांगितलंय, वर्ष गेलं की बॅग उचलून परत ये. चार मार्कांनी राहतेय. शंकरपाळीच्या प्रश्नात तिचं उत्तर एक तृतीयांश. मी म्हटलं, अगं, एक्सचा हिस्सा कुठे गेला? तर म्हणते, मॅडम, तो शून्य होतो ना?"

"मंग?" अक्का.

"मंग काय! तास संपला, मी म्हटलं नंतर बघू. बिचारीच्या डोळ्यांत पाणी."

"तू पाहिलंस का पण?" मी विचारलं.

"वहिनी, पंचवीस वेळा सोडवलाय हा प्रश्न."

"हाच?"

जवळची पेन्सिल घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला तिने शंकरपाळी काढली. मध्ये उभी आणि आडवी रेघ. उजव्या बाजूवर बोट ठेवलं. "इथे एक्स धन." डाव्या बाजूवर ठेवलं. "इथे ऋण." मग पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मी तव्यावरची भाकरी उलटली.

"डावीकडे तो उणा असतो," ती हळूच म्हणाली. "उजवीकडे जेवढा मिळतो, डावीकडे तेवढाच जातो. एक्सचा सगळा हिस्सा शून्य. चारने गुणायचा तो फक्त वायचा वर्ग, कारण तो चारही चरणांत तसाच राहतो. पहिल्या चरणात एक बारांश, चार वेळा एक तृतीयांश. तिचं बरोबर आहे. मी एक्सलाही चारने गुणलं."

"आन बठ्ठासले तेच बरोबर दिलं?" अक्कांनी विचारलं.

"हो, सगळ्यांना तेच. ज्यांनी पाठ करून एक लिहिलं त्यांना पूर्ण आठ. तिला आकृतीचे तीन."

अक्कांनी लसणाचं साल झटकलं. "जे तिनं शे, ते तिले दे. येवढंच."

तिचं आहे ते तिला द्यायचं, पण येवढंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात कॉलेजात कायमच्या जागेची मुलाखत होती, सुलूने पाच वर्षं वाट पाहिलेली. विभागप्रमुख पितांबर सर मुलाखतीच्या समितीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांच्यापुढे उभी राहिली. सरांनी चहा मागवला, आकृती पाहिली, मान डोलावली.

"बरोबर आहे पोरीचं. मग असं करू, तिला कृपागुण देऊन टाकू. पास होईल. विषय संपला."

"कृपा नाही सर. तिचे मार्क आहेत."

"सुलक्षणा, आता सगळे पेपर उघडले तर वर कळेल. तुमच्याच नावाने चुकीचं उत्तर निघालं, असं मुलाखतीच्या तोंडावर लिहून द्यायचं आहे का?"

"ज्यांना चुकीच्या उत्तराला आठ दिलेत त्यांचं काय सर? पुढच्या वर्षी तेही चारनेच गुणतील."

सरांनी चहाचा कप बाजूला सरकवला. शेवटी म्हणाले, "लिहून द्या. पण वर्गाला तुम्हीच सांगायचं. मी नाही येणार शिव्या खायला."

ती गेली वर्गात. फळ्यावर शंकरपाळी काढून आधी आपलं चुकीचं उत्तर लिहिलं, त्याच्याखाली बरोबर. म्हणाली, "हे माझं चुकलं. भाग आणि सीमा बरोबर असतील त्यांचे चार मार्क राहतील, उत्तराचे चार जातील." मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, तुमचं चुकलं तर आमचे मार्क का कापता?" दुसरा म्हणाला, "आम्हीपण आता घरी फळा लावतो, चूक झाली की पुसतो!" वर्ग हसला. सुलू म्हणाली, "कापत नाहीये रे, नव्हतेच ते." कुणाला पटलं, कुणाला नाही. समीक्षा तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. नंतर जिन्यात भेटली तेव्हा फक्त "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि धावत गेली. घरी फोन करायला असेल. पाच मार्क मिळाले, ती पास झाली. आता तिसऱ्या वर्षाला आहे.

मुलाखत झाली. जागा नंदुरबारकडच्या एका मुलाला मिळाली. फळ्यावरच्या गोष्टीमुळे की आणखी कशामुळे, ते कुणी सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. पितांबर सरांनी कराराच्या कागदावर मात्र सही केली. त्या रात्री मी देवीजवळ थोडी भांडले. सुलूने ऐकलं असावं, कारण जेवताना म्हणाली, "वहिनी, देवीला ओरडू नका, पेपर मी काढला होता."

आठ मार्कांचे चार झाल्यामुळे ललित नावाचा एक पोरगा नापास झाला. शिरपूरचा, शिकवणीची परिस्थिती नाही. सुलूने त्याला घरी बोलावलं. दर रविवारी तो आमच्या ओट्यावर वही उघडून बसतो. चहा मी देते. पहिल्या रविवारी रागाने कपही उचलत नव्हता. आता बिस्किटं मागून घेतो, आणि अक्कांना म्हणतो, "आजी, मॅडम घरीपण एवढ्याच कडक का?"

"तिन्हापेक्षा मी कडक शे," अक्का म्हणतात.

परवा त्याने वही पुढे केली. शंकरपाळी काढली होती, पहिलं चरण रंगवलं होतं.

"मॅडम, आता चारने गुणू?"

सुलूने वही न बघता सांगितलं, "आधी डावीकडे जाऊन बघून ये."

त्याने पेन्सिल उजव्या त्रिकोणावरून उचलली आणि डावीकडे नेली.