सोनिवलीच्या रामाचे ऊन

तुम्ही फोनवर विचारलेत, उत्तरायण म्हणजे संक्रांतच ना? नाही. आपण संक्रांत जानेवारीच्या मध्याला करतो, पण सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस. हे मला पुस्तकाने शिकवले होते. तरीही ते खरे कळले सोनिवलीच्या देवळात, आणि ज्या रीतीने कळले ती आठवली की अजून मान खाली जाते.

आम्ही बदलापूरला राहत होतो. माझे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते. सोनिवलीतल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईंनी आपल्या शेताचा तुकडा रामाच्या देवळासाठी दिला, आणि शिकलेला माणूस म्हणून बांधकामाची देखरेख गावाने वडिलांकडे सोपवली. त्यांची अट एकच होती: रामनवमीला सूर्याचा पहिला किरण रामाच्या पायांवर पडायला हवा. वडील म्हणाले, "आजी, ते माझ्याकडे लागले."

मार्गशीर्षात, भूमिपूजनाच्या दिवशी, ते पहाटे शेतात गेले. होकायंत्र नेले होते. पण बारवीकडच्या डोंगरामागून सूर्य वर आला तो होकायंत्राच्या पूर्वेपेक्षा बराच उजवीकडे. शेजारी लोखंडी सळयांचा ढीग होता. "लोखंडाने सुई फिरवली," वडील म्हणाले. "सूर्य थोडाच खोटे बोलतो?" त्यांनी खुंट्या ठोकून उगवत्या सूर्याच्या रोखाने सुतळी ताणली. दार त्याच रेषेवर बांधले. मी तेव्हा मॅट्रिकला होते आणि तिरप्या आसाची पृथ्वी उत्तम काढत असे. पण कागदावरचा सूर्य आणि त्या डोंगरामागचा सूर्य एकच, हे मला सुचले नाही आणि वडिलांनाही सुचले नाही.

पुढचे महिने दारासमोर बांबूंच्या परांच्या आणि गोणपाटे होती. ती उतरली रामनवमीच्या आदल्या दिवशी, मूर्ती बसवली तेव्हा.

नवमीच्या पहाटे सारे गाव जमले. वडिलांचे कारखान्यातले सहकारीही आले होते. म्हाताऱ्या बाई गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी हात जोडून बसल्या. सूर्य वर आला, पण दारासमोर नव्हे. तो कितीतरी डावीकडे, डोंगराच्या दुसऱ्याच टोकाशी उगवला. ऊन तिरके आत शिरले आणि दक्षिणेच्या भिंतीवर पडले. राम अंधारात राहिला.

"थांबा, अजून वर येऊ दे," वडील म्हणाले.

सूर्य वर आला तसे भिंतीवरचे ऊन खाली घसरले. पायांकडे काही गेले नाही.

"साहेब, सूर्याला एक मेमो द्या, जागेवर हजर नाही म्हणून!" एक सहकारी मागून म्हणाला. लोक हसले. मला वाटले, या माणसाची मुलगी म्हणून मला कोणी ओळखू नये.

घरी आल्यावर वडिलांनी माझे भूगोलाचे पुस्तक मागून घेतले. डिसेंबरच्या वळणापासून उगवण्याची जागा उत्तरेकडे सरकू लागते. वळणाजवळ इतकी हळू, की बरेच दिवस ती हललेलीच दिसत नाही. मार्च-एप्रिलात मात्र भराभर. जूनमध्ये दुसऱ्या टोकाला पोचून ती परत फिरते. वडिलांनी वाचले, पुस्तक मिटले आणि म्हणाले, "शिवाय नवमी तिथीने येते. कधी मार्चअखेर, कधी एप्रिलच्या मध्यावर. दरवर्षी सूर्य वेगळ्या ठिकाणी. एकाच रेषेचे वचन मी दिले कसे?"

दुपारच्या रामजन्मापूर्वी ते बाईंकडे गेले. मी बरोबर होते. ते म्हणाले, "आजी, चूक माझी आहे. सूर्य रोज एकाच जागी उगवतो असे धरून चाललो. बाहेर आरसा धरला तर ऊन पायांवर पाडता येईल."

"उसना सूर्य नको माझ्या रामाला," त्या म्हणाल्या. "तुमी शिकलेलं, म्हनून मी इचारलं नाय. आता जन्माच्या आधी लोकांम्होरं सांगा. मी काय तोंडानं सांगू?"

वडिलांनी सांगितले. पाळण्याशेजारी उभे राहून, टोपी हातात घेऊन. आवाज इतका बारीक होता की मागून कोणी ओरडले, "जरा मोठ्यानं, साहेब!" त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितले. बाईंनी पाळण्याची दोरी ओढली. मी सुंठवडा वाटत वडिलांपाशी आले तेव्हा त्यांनी हात पुढे केला, पण माझ्याकडे पाहिले नाही. मीही त्यांच्याकडे पाहिले नाही.

पुढच्या मार्गशीर्षात बाईंनी निरोप पाठवला: "साहेबांना पाठवा. त्यांचा सूर्य आलाय पायांवर." तो टोमणा होता की बोलावणे, आम्हाला कळले नाही. आई म्हणाली, "जाऊन या, एवढ्या मोठ्या मनाने बोलावले आहे."

वडील पहाटे आंघोळ करून, कोट घालून ओसरीत बसले. ऊन अंगणात आले, तुळशीपर्यंत पोचले. मग ते उठले आणि कारखान्याची गाडी पकडायला गेले.